जाहिरातीतल्या ‘असावा/वी’चे काय करायचे?

काही वर्षांपूर्वी एका संस्थेची भरतीची जाहिरात माझ्या हातून तपासून छापायला गेली. सहायक लेखापालाची एक जागा होती. जाहिरात आली त्याच दुपारी एका बाईंचा फोन आला. त्यांना पगाराबद्दल काही विचारायचे नव्हते, पात्रतेबद्दलही नाही. त्या म्हणाल्या, “ही जागा फक्त पुरुषांसाठी आहे का? ‘उमेदवार पदवीधर असावा, तो संगणकात तरबेज असावा’ असं लिहिलंय म्हणून विचारते.” जागा सर्वांसाठी होती. त्यांनी निदान फोन तरी केला. फोन न करता पान उलटणाऱ्या किती जणी असतील, ते कळायला काही मार्ग नव्हता.

पुढच्या वेळी एका सहकाऱ्याने मनापासून दुरुस्ती केली आणि मजकूर असा झाला:

“उमेदवार वाणिज्य शाखेचा/ची पदवीधर असावा/वी. तो/ती संगणकावर हिशेब ठेवण्यात तरबेज असावा/वी. त्याला/तिला किमान 3 वर्षांचा अनुभव असावा/वी. निवड झालेला/ली उमेदवार रुजू होताना मूळ कागदपत्रे घेऊन आला/ली पाहिजे. जो/जी उमेदवार मुलाखतीस वेळेवर येणार नाही त्याचा/तिचा अर्ज बाद समजला जाईल.”

पाच वाक्यांत 10 तिरप्या रेघा. हा मजकूर मोठ्याने वाचून पाहा, तिसऱ्या रेघेला जीभ अडते. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही आणि जे मोबाइलकडून ऐकतात, त्यांना मध्येच सुटे ‘वी’, सुटे ‘ली’ ऐकू येते. त्यात एक रेघ सरळसरळ चुकीची आहे. ‘अनुभव असावा/वी’ यातले ‘असावा’ अनुभवाचे आहे, उमेदवाराचे नाही. अनुभव पुल्लिंगी शब्द, म्हणून ‘असावा’. उमेदवार बाई असली तरी तिला अनुभव ‘असावी’ होत नाही. आणि एवढे करूनही ज्यांची ओळख स्त्री किंवा पुरुष या दोन्हींत बसत नाही, त्यांना या मजकुरात जागा मिळतच नाही.

हे दुखणे पुन्हा पुन्हा येते, कारण आपण औषध चुकीच्या जागी लावतो. बहुतेक जण ‘उमेदवार’ या शब्दाकडे बोट दाखवतात आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप शोधू लागतात. ‘उमेदवार’, ‘अर्जदार’, ‘लिपिक’, ‘लेखापाल’, ‘कर्मचारी’, ‘अधिकारी’ हे शब्द आपण स्त्रियांसाठीही रोज वापरतो. ‘त्या आमच्या उमेदवार आहेत’ हे कुणालाच खटकत नाही. लिंग चिकटलेले असते ते शेपटांना: क्रियापदाच्या शेपटाला (असावा, आला), विशेषणाच्या शेपटाला (झालेला, जाणणारा) आणि ‘तो’, ‘जो’, ‘त्याचा’ या सर्वनामांना. यांतली क्रियापद-विशेषणांची शेपटे बदलतात ती एकाच परिस्थितीत, माणूस वाक्यात प्रथमेत, म्हणजे कोणताही प्रत्यय न लागता कर्ता होऊन उभा असतो तेव्हा. शाळेत प्रयोग ओळखायला शिकवायचे ते आठवा. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. कर्त्याला ‘ने’, ‘ला’, ‘कडे’ लागले की ते त्याचा हात सोडते.

कोणते वाक्य बिघडलेले आहे हे ओळखायला मी एक साधी चाचणी वापरायला लागले की लागलो, असा घोळ मनात न आणता ती इथे देणे बरे. वाक्यातल्या ‘उमेदवार’च्या जागी एकदा ‘भाऊ’ घाला, एकदा ‘बहीण’. बाकी एकही अक्षर बदलावे लागले नाही तर वाक्य ठीक आहे. ‘भाऊ पदवीधर असावा, बहीण पदवीधर असावी’: शेपूट बदलले, दुरुस्ती हवी. ‘भावाने अर्ज करावा, बहिणीने अर्ज करावा’: काहीच बदलले नाही, हात लावू नका. ही दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ‘उमेदवाराने अर्ज करावा/वी’ असे छापलेले मी स्वतः पाहिले आहे. ‘करावा’ दिसले की घाबरून रेघ मारली जाते, पण तो ‘करावा’ अर्जाशी जुळलेला आहे. अर्जाऐवजी ‘नोंदणी’ असती तर भावानेही ‘नोंदणी करावी’ असेच झाले असते.

आता दुरुस्ती. सगळ्यात जास्त कामाला येणारी गोष्ट म्हणजे माणसाला प्रथमेतून उठवणे. ‘उमेदवार भारताचा नागरिक असावा’ याऐवजी ‘उमेदवाराकडे भारताचे नागरिकत्व असावे’. ‘उमेदवार मराठी जाणणारा असावा’ याऐवजी ‘उमेदवाराला मराठी लिहिता-वाचता यावे’. ‘उमेदवार पदवी परीक्षा उत्तीर्ण झालेला असावा’ याऐवजी ‘उमेदवाराने पदवी परीक्षा उत्तीर्ण केलेली असावी’. या शेवटच्या वाक्यातले ‘केलेली असावी’ परीक्षेचे आहे, ते भावालाही तसेच राहते. तिन्ही वाक्ये वाचताना कुठेही ओढाताण जाणवत नाही, कारण गुण, ज्ञान, कागद हे माणसा‘कडे’ असणे किंवा माणसा‘ला’ येणे ही मराठीची रोजचीच बोलण्याची पद्धत आहे.

दुसरी गोष्ट सामान्यरूपाची. ‘असलेला उमेदवार’, ‘असलेली उमेदवार’ यांत फरक आहे, पण प्रत्यय लागला की दोघांचेही ‘असलेल्या उमेदवाराने’ होते. ‘करणारा’, ‘करणारी’ दोन्हींचे ‘करणाऱ्या’. ‘नवा’, ‘नवी’ दोन्हींचे ‘नव्या’. म्हणजे नामापुढे विशेषण हवेच असेल, तर त्या नामाला प्रत्यय लागेल अशी वाक्यरचना करायची, की विशेषणाचे शेपूट आपोआप सारखे होते. ‘निवड झालेला उमेदवार’ अडवतो, ‘निवड झालेल्या उमेदवाराने’ अडवत नाही. ‘अनुभवी’, ‘इच्छुक’, ‘पात्र’, ‘कुशल’ ही विशेषणे तर मुळातच बदलत नाहीत.

तिसरी गोष्ट ‘जो…तो’ रचनेसाठी. सरकारी मराठीत ती फार आहे आणि तिच्यात लिंग दोनदा येते. तिथे ‘-ल्यास’ लावावे: ‘जो उमेदवार गैरहजर राहील त्याचा’ हे सगळे जाऊन ‘गैरहजर राहिल्यास’ एवढेच उरते. ‘आल्यास’, ‘निवड झाल्यावर’, ‘रुजू होताना’, ‘कागदपत्रे जोडून’ ही सगळी न बदलणारी रूपे आहेत. ती भाऊ-बहीण चाचणीला नेहमी उतरतात.

आता वरची जाहिरात पुन्हा घेऊ. पहिली दोन वाक्ये माणसाचे वर्णन करत होती, पण जाहिरात देणाऱ्याला खरे हवे आहेत पदवी, सराव आणि अनुभव. मग तेच कर्ते करावेत. तिसऱ्या वाक्यात ‘त्याला’ची गरजच नाही, कारण एकाच जागेच्या जाहिरातीत अनुभव दुसऱ्या कुणाचा असणार? चौथ्यात ‘ने’ लावला की ‘झालेल्या’ मिळते आणि क्रियापद कागदपत्रांकडे जाते. पाचव्यात ‘-ल्यास’:

“सहायक लेखापाल पाहिजे. वाणिज्य शाखेची पदवी आणि हिशेबाच्या कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव आवश्यक. संगणकावर हिशेब ठेवण्याचा चांगला सराव हवा. निवड झालेल्या उमेदवाराने रुजू होताना मूळ कागदपत्रे सोबत आणावीत. मुलाखतीस वेळेवर न आल्यास अर्ज बाद समजला जाईल.”

एकही रेघ नाही, आणि मजकूर मूळ जाहिरातीपेक्षाही आखूड झाला. वर्तमानपत्रात जागेनुसार पैसे मोजणाऱ्यांना हे लगेच पटते. ‘पाहिजे’ हा शब्दही आपल्या सोयीचा आहे, त्याचे ‘पाहिजेत’ होते पण लिंग त्याला चिकटत नाही.

खाजगी कंपन्यांना थोडा मोकळा सूर हवा असतो. तिथे थेट ‘तुम्ही’ला बोलावे. ‘हिशेबाच्या कामाचा तुम्हाला 3 वर्षांचा अनुभव असेल आणि आकडे जुळवायला तुम्हाला आवडत असेल, तर जरूर अर्ज करा.’ ‘असेल’, ‘असाल’, ‘करा’, ‘करता’ यांत लिंग दिसत नाही. फक्त निकाल कळवताना जपायचे. ‘तुम्ही पात्र ठरला आहात’ असा संदेश गेला की अर्ध्या लोकांना तो दुसऱ्या कुणाचा वाटतो. ‘तुमची निवड झाली आहे’ म्हटले की निवड स्त्रीलिंगी, विषय संपला.

काही दुरुस्त्या बरोबर वाटतात आणि तरी फसतात. पहिली म्हणजे अनेकवचन. ‘उमेदवार काम करतात’ हे सर्वांना चालते, म्हणून सगळेच अनेकवचनात घालावे असे वाटते. पण ते वर्तमानकाळ आणि भविष्यकाळापुरतेच खरे आहे. ‘उमेदवार पदवीधर असावेत’ यातले ‘असावेत’ पुल्लिंगी आहे, स्त्रियांसाठी ‘असाव्यात’ होते. ‘निवडलेले उमेदवार’, ‘आलेले अर्जदार’ यांचेही तेच. अनेकवचनाला प्रत्यय लागला, ‘उमेदवारांनी’, ‘उमेदवारांना’, तरच ते खरे कामाचे. मात्र सर्वनामासाठी अनेकवचन उत्तम: ‘त्याने/तिने’ऐवजी ‘त्यांनी’, ‘त्याचा/तिचा’ऐवजी ‘त्यांचा’. एका माणसाबद्दलही आपण आदराने ‘त्यांनी’ म्हणतोच.

दुसरी म्हणजे ‘व्यक्ती’. ‘व्यक्ती पदवीधर असावी’ असे लिहिले की सगळे वाक्य स्त्रीलिंगी होते. व्याकरणाने त्यात चूक नाही, आणि एखाद्या ठिकाणी ‘इच्छुक व्यक्तींनी’ छान बसते. पण पानभर ‘सदर व्यक्तीने’, ‘तिने’, ‘तिच्या’ आले की वाचणाऱ्याला ती स्त्री वाटू लागते, किंवा तो पोलिसांचा पंचनामा वाटतो.

तिसरी माझी स्वतःची जुनी सवय: ‘असणे आवश्यक आहे’. ‘उमेदवार पदवीधर असणे आवश्यक आहे’ चाचणीला पूर्ण उतरते. म्हणून एका जाहिरातीत मी ते 8 वाक्यांना लावले आणि मजकूर लाकडासारखा झाला. आता एका जाहिरातीत ते फार तर एकदा येऊ द्यायचे असा माझा नियम आहे. ‘केले जाईल’, ‘घेण्यात येईल’ यांचेही तसेच. लिंग टाळायला म्हणून प्रत्येक वाक्य कर्मणी करू नये. नाम हेच कर्ते करता आले, ‘पदवी आवश्यक’, ‘अनुभव हवा’, तर ते नेहमी जास्त मराठी वाटते.

अर्जांच्या नमुन्यात गाठ वेगळ्या ठिकाणी बसते, कारण तिथे ‘मी’ बोलतो. शेवटचे प्रतिज्ञापन बहुतेक ठिकाणी असे असते: “मी खाली सही करणारा/री असे घोषित करतो/ते की वरील माहिती खरी आहे.” इथे आपल्या जुन्या दस्तांकडे पाहावे. खरेदीखतात शतकभरापासून ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ लिहितात. पत्त्याच्या आधी ‘राहणार’ लिहितात, ज्याचे आपण ‘रा.’ केले. घर विकणारी बाई असो की बुवा, ‘लिहून देणार’ तसेच राहते. ‘णारा’, ‘णारी’ यांच्या अलीकडचे हे ‘णार’ कोणतेच शेपूट घेत नाही. म्हणून ‘मी, खाली सही करणार,’ एवढे लिहिले की पहिली रेघ जाते, आणि ती कचेरीची मूळचीच भाषा आहे. दुसऱ्या रेघेला ‘घोषित करत आहे’. ‘करतो’ आणि ‘करते’ वेगळे, पण ‘करत आहे’ दोघांचे एकच. ‘करीन’, ‘देईन’, ‘राहीन’ ही भविष्यकाळाची रूपेही सर्वांची सारखी. मला स्वतःला मात्र याहून साधे आवडते: “वर दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. ती खोटी आढळल्यास होणारी कारवाई मला मान्य राहील.” ‘माझी’, ‘माझे’ हे शब्द पुढच्या नामाशी जुळतात, लिहिणाऱ्याशी नाही, त्यामुळे ‘माझा’ने सुरू होणारे वाक्य बहुधा सुरक्षित असते.

भूतकाळात जरा थांबून पाहावे लागते. ‘मी काम केले’, ‘मी परीक्षा दिली’, ‘मी अर्ज भरला’ यांत अडचण नाही, कारण क्रियापद कर्माशी जुळते. ‘मी राहिलो/राहिले’, ‘मी गेलो/गेले’, ‘मी होतो/होते’ इथे कर्मच नाही, म्हणून लिंग डोके वर काढते. ‘शिकणे’ फसवे आहे. ‘मी मराठी शिकलो/शिकले’ यात कर्म असूनही क्रियापद कर्त्यामागे जाते. ‘बोलणे’ आणि ‘विसरणे’ही तसेच. या सगळ्यांना उपाय एकच, क्रियेचे नाम करावे: ‘माझे वास्तव्य’, ‘माझी नेमणूक’, ‘माझे शिक्षण’. ‘मी या गावात 10 वर्षे राहिलो/राहिले आहे’ याचे ‘या गावात माझे 10 वर्षे वास्तव्य आहे’ झाले की ते रहिवासाच्या दाखल्याच्या भाषेत चपखल बसते.

रकान्यांबद्दल थोडक्यात. ‘वडिलांचे/पतीचे नाव’ हा रकाना बाईला एका पुरुषाच्या नावाने ओळखतो. कामासाठी नाव कुणाचे हवे ते आधी विचारावे. वारसाचे हवे असेल तर ‘वारसाचे नाव व नाते’, तातडीच्या संपर्कासाठी हवे असेल तर तसे. महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. त्यामुळे ‘वडिलांचे नाव’ एवढाच रकाना असलेले जुने नमुने तसेही बदलावे लागणार आहेत. ‘लग्नापूर्वीचे नाव’ याऐवजी ‘पूर्वीचे नाव, बदलले असल्यास’ लिहावे. नाव राजपत्रात जाहीर करून बदललेल्या पुरुषालाही तो रकाना लागतो. लिंगाचा रकाना खरोखर लागत असेल तेव्हाच ठेवावा, आणि ठेवला तर दोन पर्यायांवर थांबू नये. स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये नालसा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात मान्य केला. नोकरभरतीत तृतीयपंथी व्यक्तींशी भेदभाव करायला 2019 च्या कायद्याने बंदी आहे.

जिथे हात लावू नये अशाही जागा आहेत. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत महिलांसाठी 30 टक्के समांतर आरक्षण असते. त्या तक्त्यात ‘महिला’ हा शब्द ठळकच राहिला पाहिजे, तिथे सर्वसमावेशक शब्द घातला तर हक्काची जागाच दिसेनाशी होईल. पदाचे नाव सेवाप्रवेश नियमांत जसे आहे तसेच छापावे लागते. ‘परिचारिका’, ‘सेविका’ अशी नावे जाहिरात लिहिणाऱ्याने परस्पर बदलली तर मंजूर पद आणि जाहिरातीतले पद जुळत नाही. अशा वेळी नाव तसेच ठेवून खाली, जागा खरोखर सर्वांसाठी असेल तर, ‘या पदासाठी सर्वांना अर्ज करता येईल’ असे एक वाक्य घालावे आणि बाकीचा मजकूर वरच्या पद्धतीने नीट करावा. कायद्याने नमुना विहित असेल, तर त्यातला ‘करतो/करते’ तसाच राहतो. तिथे निदान पूर्ण शब्द छापून घ्यावेत, ‘करतो/ते’ असे तुकडे नकोत. शेजारी ‘लागू नसेल ते खोडावे’ ही सूचना द्यावी, आणि नमुना पडद्यावर भरायचा असेल तर दोन्हींपैकी एक निवडायची सोय ठेवावी.

जुनी फाइल दुरुस्त करायला बसताना मजकुरात आधी तिरपी रेघ शोधावी, मग ‘असावा’, ‘लेला’, ‘णारा’, ‘त्याचा’ आणि ‘जो’. प्रत्येक ठिकाणी भाऊ-बहीण घालून पाहावे. सापडलेल्या ‘असावा’पैकी काही अनुभवाचे, काही परवान्याचे, काही दाखल्याचे निघतील. ते जसेच्या तसे सोडून पुढे जावे.